रजा कळवायची, काम सुचवायचं

पुण्यात बरीच वर्षं फ्रेंच शिकवल्यामुळे माझ्याकडे अजूनही मसुदे येत राहतात. घरभाड्याचा करार, शाळेला लिहायचं पत्र, डॉक्टरांना पाठवायचा निरोप, काहीही. पण 2024च्या मार्चमध्ये भाच्याने लियाँहून जो मसुदा पाठवला, तसा त्याआधी कुणी पाठवला नव्हता. बाळ झालं होतं, आणि बाळासाठी रजा घ्यायची होती ती बाळाच्या बापाला. आईला नाही. "मावशी, फक्त व्याकरण बघ," असं वर लिहिलेलं.

व्याकरण चोख होतं. पहिलं वाक्य साधारण असं: "मला बालसंगोपनासाठी रजा मंजूर करण्याची कृपा व्हावी, अशी आपणांस नम्र विनंती." मी हसले. हा मुलगा ज्या शाळेत रजेचे अर्ज लिहायला शिकला, ती शाळा माझ्या डोळ्यांसमोर आली. "आपला आज्ञाधारक विद्यार्थी" तेवढं लिहायचं राहिलं होतं.

विनंती वाईट नसते. पण या रजेच्या बाबतीत ती गैरलागू आहे. फ्रान्सच्या कामगार कायद्यात या रजेला 'कॉन्जे पारांताल देद्युकासिओं' म्हणतात. रोज बोलताना नुसतं कॉन्जे पारांताल. मूल जन्मलं त्या दिवशी तुमची त्या कंपनीत किमान एक वर्ष नोकरी झालेली असेल, तर ही रजा तुमची. आई असा की बाप, कायम नोकरी असो की मुदतीची. पूर्णवेळ रजा घेणाऱ्याला मालक नाही म्हणू शकत नाही. त्यामुळे मालकाकडे मागण्यासारखं काही नसतंच. कधीपासून आणि किती काळ, हे फक्त कळवायचं असतं. कायद्याच्या कलमातलं क्रियापदही कळवण्याचंच आहे.

मी त्याला फोनवर तेच सांगितलं. तो म्हणाला, "पण मावशी, उद्धट नाही का वाटणार? आमचा साहेब चांगला माणूस आहे."

साहेब चांगला असल्यामुळेच तर हा मेल दोन सुरांत लिहायला हवा होता. तारखांचा भाग कळवण्याचा, तिथे मागेपुढे पाहायचं नाही. मागे राहणारं काम कोण कसं सांभाळेल, हा भाग सुचवण्याचा, तिथे मात्र हुकूम सोडायचा नाही. भाच्याने नेमकं उलटं केलं होतं. तारखांसाठी पदर पसरला होता, आणि खाली कामाची वाटणी करताना "अमुक सहकारी हे काम पाहील, तमुक ते पाहील" असं साहेबाच्या वरताण ठरवून टाकलं होतं.

आधी तारखा, कारण सगळं तिथेच अडकलं होतं.

बाळाचा जन्म 4 मार्चचा. भाचा या कंपनीत जानेवारी 2023 मध्ये रुजू झाला होता, म्हणजे वर्षाची अट थोडक्यात पार पडली. पहिल्या मुलाच्या वेळी आईला सोळा आठवड्यांची प्रसूतिरजा मिळते, सहा आधी आणि दहा नंतर. त्या हिशेबाने सूनबाई 13 मेला आपल्या लॅबमध्ये परत जाणार होती. ताई, म्हणजे भाच्याची आई, फेब्रुवारीच्या शेवटी तिकडे पोचली होती. पण पाहुण्यांच्या व्हिसावर नव्वद दिवसांच्या वर राहता येत नाही, तेव्हा मेअखेर तिला निघणं भाग होतं. परदेशातल्या आपल्या कितीतरी घरांमध्ये बाळंतपणाचं सगळं वेळापत्रक आजीच्या व्हिसावर बेतलेलं असतं. मग सासूबाई येतात, पुढचे नव्वद दिवस. इथे सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं, म्हणून ती साखळी तुटली होती. पाळणाघरात जागा मिळाली होती, पण सप्टेंबरपासून. तिथे पाळणाघरांच्या जागा मुख्यतः सप्टेंबरलाच मोकळ्या होतात, कारण तीन वर्षांची झालेली मुलं तेव्हा बालशाळेत जातात.

थोडक्यात, 13 मे ते सप्टेंबर एवढं खिंडार होतं.

बापाला तिथे जन्माच्या वेळची वेगळी रजा असते. तीन दिवस मालकाकडून, आणि जुलै 2021 पासून त्यावर आणखी पंचवीस दिवस, ज्यांचे पैसे सामाजिक विमा देतो. त्या पंचविसांतले पहिले चार दिवस जन्मानंतर लगेच घ्यावेच लागतात. उरलेले एकवीस सहा महिन्यांच्या आत कधीही, हवं तर दोन तुकड्यांत. भाच्याने सुरुवातीचे दिवस घेतले आणि एकवीस राखून ठेवले. हे त्याने मला न विचारता केलं होतं, आणि फार हुशारीने केलं होतं. 13 मे हा सोमवार, तिथून एकवीस दिवस मोजले की रविवार 2 जून येतो. मग 3 जूनपासून कॉन्जे पारांताल. मधे एक दिवसही मोकळा राहत नाही.

घोटाळा झाला तो आगाऊ सूचनेत. ऑफिसमधल्या कुणीतरी त्याला सांगितलं होतं की एक महिना आधी कळवलं की पुरे. त्या सहकारी बाईंचंही चुकत नव्हतं, त्यांनी स्वतः तसंच केलं होतं. पण एका महिन्याची मुभा कधी, तर ही रजा प्रसूतिरजेला किंवा दत्तकरजेला लागून सुरू होत असेल तेव्हा. बापाच्या अठ्ठावीस दिवसांच्या रजेचं नाव त्या यादीत नाही. बाकी सर्वांना दोन महिने. म्हणजे 13 मेच्या रजेसाठी 13 एप्रिलपर्यंत कळवलं तरी चालतं, पण 3 जूनच्या रजेसाठी 3 एप्रिलच्या आत कळवायला हवं. रजा दोन, मुदती दोन, आणि साहेबाच्या दृष्टीने मात्र माणूस एकदाच गायब होणार.

मुदत चुकली म्हणून हक्क बुडतो असं नाही. फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायपीठाने सूचनेची रीत ही पुराव्यासाठी आहे, हक्काची अट नाही, असंच धरलं आहे. पण न्यायालयात जाऊन जिंकण्याइतका वेळ तान्ह्या बाळाच्या बापाकडे नसतो. दोन महिन्यांच्या आत कळवून मोकळं व्हावं.

आणि कळवायचं कसं? मेलवर भागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पोचपावतीचं रजिस्टर्ड पत्र, नाहीतर हातात देऊन सहीची पोच, असे दोनच मार्ग नियमात दिले आहेत. मेल आपला सोबतीला, सगळ्यांना एकाच वेळी कळावं आणि योजना जोडता यावी म्हणून. त्या वर्षी 1 एप्रिलला ईस्टरचा सोमवार होता, टपाल बंद. शुक्रवारी टाकलेलं पत्र 3 तारखेच्या आत पोचेलच याची खात्री कोण देणार? म्हणून त्याने पत्राच्या दोन प्रती काढल्या, 25 मार्चला एचआरच्या बाईंना एक हातात दिली, दुसरीवर तारखेसह सही घेतली, आणि जागेवर येऊन मेल पाठवला.

आता शेवटची तारीख. मसुद्यात त्याने 31 ऑगस्ट लिहिलं होतं, कारण पाळणाघर 2 सप्टेंबरला सुरू. कागदावर बरोबर दिसतं. पण फ्रेंच पाळणाघर बाळाला पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ ठेवून घेत नाही. सुरुवातीला जुळवून घेण्याचे दिवस असतात. पहिल्या दिवशी आई किंवा बाप सोबत बसतो आणि तासाभरात बाळाला घेऊन घरी. मग दोन तास, मग जेवणापर्यंत, मग एक झोप तिथे. असं करत आठवडा जातो, बाळ रडकं असेल तर दोन. त्या दिवसांत घरी कोण थांबणार होतं? सूनबाई कामावर, ताई सांगलीत.

या तारखेचा एवढा काथ्याकूट करण्याचं कारण असं की ती नंतर हलवणं सोपं नसतं. रजा लवकर संपवून परत यायचं, तर मालकाची संमती लागते. त्याला अपवाद दोनच. मूल दगावणं, किंवा घरचं उत्पन्न एकदम घटणं. लांबवायची असेल तर वाढवता येते, पण पुन्हा महिनाभर आधी कळवून, म्हणजे जुलैअखेरच्या आत, आणि ऐन सुट्ट्यांच्या दिवसांत ते पत्र कुणाच्या हातात देणार? म्हणून 15 सप्टेंबर ही तारीख पहिल्याच पत्रात घातली. 16ला सोमवार, त्या दिवशी कामावर हजर.

मेलचा गाभा मग असा झाला:

```
Objet : Congé parental d'éducation du 3 juin au 15 septembre 2024
        et proposition de passation

Je vous informe que je prendrai un congé parental d'éducation
à temps plein, du 3 juin au 15 septembre 2024 inclus, en
application de l'article L. 1225-47 du Code du travail.
Je reprendrai mon poste le lundi 16 septembre 2024.

Pour la continuité des dossiers, je vous propose
l'organisation ci-dessous, à valider ensemble.
```

बघा, वरचा परिच्छेद "आपणांस कळवतो"ने सुरू होतो, त्यात एकही "जर" नाही. रजा कुठली, पूर्णवेळ की अर्धवेळ, कधीपासून, कधीपर्यंत, परत कधी. शेवटच्या तारखेपुढचा inclus, म्हणजे "समाविष्ट", हा शब्दही मुद्दाम आहे, नाहीतर 15 तारखेला यायचं की 16ला यावर कुणीतरी फोन करतंच. मूल का सांभाळायचं, सूनबाईची नोकरी कशी आहे, आजी का परत गेली, यातलं काही नाही. कारण द्यायचं बंधन नाही, आणि कारण दिलं की त्यावर चर्चा सुरू होते.

अर्धवेळ रजा घेतली असती तर हा सूर चालला नसता. तिथे आठवड्याला किती तास काम करायचं ते कर्मचारी ठरवतो, किमान सोळा तास. पण ते तास कुठल्या दिवशी, सकाळी की दुपारी, हे मालकाशी बोलूनच ठरतं. बुधवार मोकळा हवा, म्हणून अडून बसता येत नाही.

दुसरा परिच्छेद "सुचवतो"ने सुरू होतो. कामाची सोपवणूक, तिकडच्या भाषेत पासासिओं, कायद्याने मागितलेलीच नाही. ती न देताही रजा तेवढीच पक्की. म्हणूनच ती दिली की तिला किंमत येते. फक्त एक पथ्य. दोन्ही गोष्टी एकमेकींना बांधायच्या नाहीत. भाच्याच्या मसुद्यात "सोपवणूक पूर्ण झाल्यावर मी रजेवर जाईन" असं वाक्य होतं. ते मी पहिल्यांदा खोडलं. सोपवणूक पूर्ण झाली की नाही हे ठरवणार कोण? उद्या बदली माणूस मिळाला नाही, तर याची रजा त्या माणसाच्या वाटेला डोळे लावून बसेल.

योजनेतही तारखेची एक गंमत होती. त्याने "31 मेपर्यंत सर्व कामं सोपवीन" लिहिलं होतं, 3 जून डोक्यात धरून. अरे, पण 13 मेपासून तू दुसऱ्या रजेवर! बरं, म्हणजे शुक्रवार 10 मे? तर 8 मे हा महायुद्धाच्या विजयाचा दिवस, सुट्टी. त्या वर्षी 9 मेला गुरुवारी ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाची सुट्टी. आणि गुरुवारची सुट्टी आली की फ्रान्समध्ये शुक्रवारी कोण कामावर येतं? त्याला ते 'पूल' बांधणं म्हणतात. त्यांच्या कारखान्यात तो शुक्रवार बंदच होता. म्हणजे खरा शेवटचा दिवस मंगळवार 7 मे. कागदावरच्या तारखेपेक्षा जवळजवळ महिनाभर आधी.

भाचा पंप बनवणाऱ्या कारखान्यात पुरवठादारांची गुणवत्ता पाहतो. ओतीव भाग बाहेरून येतात, त्यात भेगा, पोकळ्या निघाल्या की पुरवठादाराशी भांडणं हे त्याचं काम. मी त्याला कामांची यादी करायला लावली, तेव्हा दीड पान झालं. मग विचारलं, यातलं तू चार महिने नसलास तर आपोआप बोंबलेल असं काय? तीनच गोष्टी उरल्या. ओतकामाच्या तक्रारींचा आठवड्याचा पाठपुरावा. जुलैत एका पुरवठादाराकडे जाऊन करायचं ऑडिट. आणि मापयंत्रांचं, म्हणजे गेजचं, कॅलिब्रेशन; ती अचूक मोजतात का याची ही ठरलेली तपासणी, आणि त्यातल्या बऱ्याच गेजची मुदत जूनमध्ये संपत होती. गेजची मुदत उलटली की त्यावर मोजलेला सगळा माल शंकास्पद ठरतो, आणि हे कळतं ते थेट ग्राहकाच्या तपासणीत.

मेलमध्ये या तीनच ओळी गेल्या. काम, सुचवलेली व्यक्ती, तारीख, कागद कुठे आहेत. पाठपुराव्यासाठी त्याच्याच गटातला एक जण, 15 एप्रिलपासून दर सोमवारची बैठक दोघांनी मिळून घ्यायची आणि शेवटच्या दोन बैठका त्याने चालवायच्या, भाच्याने नुसतं बसायचं. हे मला फार आवडलं. सोपवणुकीत बहुतेक लोक शेवटच्या दिवशी मोठी फाइल देतात आणि समोरचा मान डोलावतो. खरं काय कळलं नाही हे समोरचा माणूस काम चालवायला लागला की समजतं. गेजचं कॅलिब्रेशन भाच्याने मेपूर्वीच उरकून घेण्याचं सुचवलं, म्हणजे सोपवायला काही उरूच नये. ऑडिटसाठी दोन पर्याय, दुसऱ्या कुणी जुलैत करावं किंवा तो परतल्यावर ऑक्टोबरात.

एक ओळ मी काढायला लावली, त्यावर आमचं थोडं वाजलं. "रजेच्या काळात गरज पडल्यास फोनवर उपलब्ध राहीन." आपल्याकडे ही ओळ नसेल तर माणूस कामचुकार ठरतो. पण पूर्णवेळ रजेत तिथे नोकरीचा करारच स्थगित असतो. पगार नाही, तसं कामही नाही. एकदा फोन घ्यायला लागला की आधी आठवड्याला एक आणि मग रोज एक. या काळात दुसरं काम करून पैसे मिळवायलाही बंदी आहे, अगदी माझ्यासारखं भाषांतरही नाही. एकच धंदा चालतो, परवाना काढून लोकांची मुलं घरी सांभाळण्याचा. भाचा म्हणाला, "एकच पुरे झालंय."

पगार नाही म्हटल्यावर ताईचा जीव खालीवर झाला होता. कुटुंब भत्ता देणारी वेगळी संस्था आहे, ती महिन्याला साधारण साडेचारशे युरो देते. पहिल्या मुलासाठी प्रत्येक पालकाला सहा महिने, तेही मूल वर्षाचं होईपर्यंत. तो अर्ज स्वतंत्र करावा लागतो, मालकाला लिहिलेल्या पत्राने तो आपोआप होत नाही. लियाँच्या भाड्यापुढे साडेचारशे युरो म्हणजे दर्यामे खसखस. ही रजा 1977 साली आली तेव्हा मुख्यतः आईसाठी होती, बापाला बरोबरीने मिळाली 1984 मध्ये. 2015 पासून भत्त्याचे महिने दोघांत वाटून दिले, म्हणजे बापाने आपला वाटा घेतला नाही तर तो बुडतो. तरी बाप फारसे पुढे येत नाहीत. माझं मत विचाराल तर यात लाज-संकोच कमी आणि हिशेब जास्त आहे. दोघांत ज्याचा पगार कमी तो घरी बसतो, आणि तो कुणाचा असतो हे सांगायला नको. या घरात सूनबाईचा पगार जास्त होता, तेव्हा भाच्याला फार मोठा समाजसुधारक समजू नये.

राहिला प्रश्न तू की तुम्ही. साहेबाला तो रोज 'त्यु' म्हणतो, एचआरच्या बाईंना 'वू'. मेल बाईंना, प्रत साहेबाला. अशा वेळी सगळा मेल 'वू'मध्ये, कारण उद्या तो फाइलमध्ये जाणार. पण साहेबाला ही बातमी मेलमधून कळता कामा नये. तिकडे ते फार लागतं, इकडेही लागतंच. म्हणून 22 मार्चला शुक्रवारी दुपारी कॉफीच्या यंत्राशी तोंडी सांगून झालं, 'त्यु'मध्ये. शेवट साध्या 'कोर्दियालमाँ'वर. "आपल्या प्रति असलेल्या आदरभावाचा स्वीकार करावा" वगैरे लांबलचक समारोप हातात दिलेल्या पत्रावर ठेवला, मेलवर तो लग्नातल्या फेट्यासारखा दिसला असता.

एचआरचं उत्तर दोन दिवसांत आलं. तारखा नोंदल्या, राहिलेल्या वार्षिक सुट्ट्या परतल्यावर शाबूत असतील (2023च्या मार्चमधल्या दुरुस्तीपासून कायद्यातच तसं आहे), आणि परतल्यावरची कामाविषयीची ठरलेली मुलाखत सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात घेऊ. रजेवर कुणाचा एक शब्दही नाही. योजनेवर मात्र साहेबाने हात फिरवला. पाठपुराव्यासाठी सुचवलेला माणूस त्याला दुसरीकडे हवा होता, म्हणून ते काम मुदतीच्या करारावर घेतलेल्या एका मुलीकडे गेलं. ऑडिट ऑक्टोबरात ढकललं. बदली माणसाचा असा करार रजा सुरू व्हायच्या आधीपासून लावता येतो, त्यामुळे ती 29 एप्रिललाच रुजू झाली. 1 मेची सुट्टी आणि शनिवार-रविवार वजा जाता दोघांना एकत्र सहा दिवस मिळाले. त्यातला एक अख्खा दिवस गेजच्या कपाटाची किल्ली शोधण्यात गेला, असं भाचा सांगतो.